तळेगाव की खरांगणा : रुग्णवाहिकेच्या थांब्याचे गणित

वर्धा जिल्ह्यात गंभीर रुग्णावर अखेरपर्यंत उपचार करण्याची क्षमता असलेली मोठी रुग्णालये तीन आहेत : वर्धा शहरातील जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. ही तिन्ही रुग्णालये एकमेकांपासून थोड्याच किलोमीटरांवर, जिल्ह्याच्या मध्यभागी एकवटलेली आहेत. जिल्हा मात्र सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरांवर पसरलेला असून त्याचे उत्तरेकडचे आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) हे तीन तालुके डोंगर, जंगल आणि वर्धा नदीचे वळण यांच्यामध्ये या केंद्रापासून दूर पडलेले आहेत. या तीन तालुक्यांत आणखी एक रुग्णवाहिका उभी करायची झाल्यास ती कोठे उभी करावी, म्हणजे जास्तीत जास्त गावांपर्यंत ती ठरलेल्या वेळेत पोहोचेल, हा प्रश्न वरवर सोपा वाटला, तरी त्याचे उत्तर रुग्णालयांच्या या एकवटण्यावर अनपेक्षित रीतीने अवलंबून आहे. तो संबंध उलगडण्यासाठी येथे या तीन तालुक्यांचे एक गणित सविस्तर मांडले आहे. त्यातील ठिकाणे खरी आहेत, पण लोकसंख्येचे आणि फेऱ्यांचे आकडे रीत समजावी म्हणून गृहीत धरलेले आहेत आणि प्रत्यक्ष निर्णयाच्या वेळी त्यांच्या जागी नोंदींमधील आकडे घ्यावे लागतील.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा राज्यासाठी ९३७ रुग्णवाहिका घेण्यात आल्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक, म्हणजे कृत्रिम श्वसनयंत्रासारखी साधने असलेल्या, आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. प्रत्येक गाडीवर एक डॉक्टर आणि एक चालक असतो, ज्याला या सेवेत पायलट म्हणतात. राज्यभरातून येणारे दूरध्वनी पुण्यातील मध्यवर्ती नियंत्रण कक्षात घेतले जातात आणि तेथून संबंधित गाडीला निघण्याची सूचना जाते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकष लोकसंख्येवर आधारलेला आहे : एक लाख लोकांमागे एक मूलभूत आणि पाच लाखांमागे एक प्रगत रुग्णवाहिका. या निकषावरून गाड्या किती असाव्यात हे ठरते, परंतु त्या कोठे असाव्यात याबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि सलग वस्तीच्या सपाट तालुक्यात एक लाख लोक जितक्या जागेत राहतात त्याच्या कितीतरी पट जागेत ते डोंगरी तालुक्यात विखुरलेले असतात, ही गोष्ट त्यात बसत नाही. जागेचा प्रश्न वेळेच्या निकषाने सोडवावा लागतो. ग्रामीण भागासाठी सामान्यतः ३० मिनिटांचे उद्दिष्ट धरले जाते.

हे ३० मिनिटांचे घड्याळ कोणत्या क्षणी सुरू होते, हे आधी निश्चित केले नाही तर पुढचे सगळे गणित पोकळ ठरते. रुग्णाच्या नातेवाइकाने फोन लावल्यापासून गाडी घरापुढे उभी राहीपर्यंतच्या काळात तीन वेगळे टप्पे असतात. पहिला टप्पा कक्षाने पत्ता आणि त्रास समजून घेऊन गाडी नेमण्याचा, दुसरा सूचना मिळाल्यापासून गाडीचे चाक फिरेपर्यंतचा, आणि तिसरा प्रत्यक्ष रस्त्यावरचा. पहिल्यास तीन आणि दुसऱ्यास दोन मिनिटे धरली, तर प्रवासासाठी २५ मिनिटेच उरतात. अनेक अहवालांत ३० मिनिटांचे वर्तुळ थेट नकाशावर काढलेले दिसते. अशा नकाशात सहावा हिस्सा वेळ आधीच खर्ची पडलेला असतो आणि काठावरची गावे व्याप्तीत नसताना व्याप्तीत मोजली जातात.

व्याप्ती हा शब्द येथे ठरावीक अर्थाने वापरला आहे. एखाद्या थांब्यावरून निघालेली गाडी ज्या गावात २५ मिनिटांच्या प्रवासात पोहोचते, ते गाव त्या थांब्याच्या व्याप्तीत आहे असे मानायचे आणि बाकीची गावे व्याप्तीबाहेर. ही व्याख्या कठोर आहे, कारण २४ मिनिटांवरचे गाव आत आणि २६ मिनिटांवरचे गाव बाहेर पडते, जरी रुग्णाच्या दृष्टीने त्या दोन मिनिटांत फारसा फरक नसला तरी. पण या कठोरपणामुळेच दोन जागांची तुलना शक्य होते, आणि काठावर किती गावे आहेत हे वेगळे मोजून ठेवले की त्यातला धोका आटोक्यात राहतो.

पहिले काम गावांची यादी करण्याचे असते, आणि विदर्भात ते दिसते तितके सरळ नाही. वर्धा जिल्ह्यातील महसुली गावांची संख्या तेराशेच्या पुढे जाते, पण त्यांतली शेकडो गावे रिठी आहेत, म्हणजे महसुली दप्तरात नाव, हद्द आणि क्रमांक असला तरी तेथे आज कोणीच राहत नाही. जनगणनेच्या यादीत अशा गावांपुढे लोकसंख्या शून्य असते. ती न वगळता व्याप्ती काढली, तर इतकी टक्के गावे व्याप्तीत आली या विधानातील मोठा भाग ओसाड शिवारांचा असतो आणि जंगलाच्या कडेला रिठी गावे अधिक असल्याने तो भाग नेमका डोंगरी तालुक्यांचे चित्र बिघडवतो. दुसरी अडचण गावाच्या बिंदूची. संगणक गावाच्या हद्दीचा भौमितिक मध्य काढून तेथे टिंब ठेवतो आणि लांबट शिवाराच्या गावात ते टिंब शेतात किंवा टेकडीवर पडते, तर माणसे गावठाणात राहतात. टिंब गावठाणावर हलवणे हे कंटाळवाणे, एकेक गाव उपग्रहचित्रावर पाहून करण्याचे काम आहे, पण काही गावांच्या बाबतीत त्याने प्रवासवेळ पाच-पाच मिनिटांनी बदलते.

तिसरी अडचण नावांची. जिल्ह्यात खरांगणा (मोरांगणा) आहे आणि खरांगणा (गोडे) आहे, तळेगाव (श्यामजीपंत) आहे आणि तळेगाव (टालाटुले) आहे. जिल्ह्याबाहेर पाहिले तर आष्टी बीड जिल्ह्यात आहे, कारंजा वाशीम जिल्ह्यात आहे आणि तळेगाव तर खुद्द पुण्याजवळ आहे. विश्लेषणात या गावांची लोकसंख्या नावावरून जोडली तर एका गावाचे लोक दुसऱ्या तालुक्यात जाऊन बसतात, म्हणून जोडणी नेहमी जनगणनेच्या गाव-संकेतांकावरून करावी लागते. हाच गोंधळ प्रत्यक्ष फोनवरही होऊ शकतो. पुण्यातील कक्षात बसलेल्या व्यक्तीला घाबरलेला माणूस फक्त तळेगाव एवढेच सांगतो, तेव्हा पत्ता समजून घेण्याच्या टप्प्याला धरलेली तीन मिनिटे अपुरी पडण्याची शक्यता या जिल्ह्यात मुळातच अधिक आहे.

गावांनंतर रस्ते येतात. थांब्याभोवती कंपासाने वर्तुळ काढणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी रीत आहे. सरासरी ताशी ४० किलोमीटर वेगाने २५ मिनिटांत साडेसोळा किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापले जाते, परंतु ते रस्त्यावरचे अंतर असते आणि ग्रामीण भागात रस्त्याचे अंतर सरळ रेषेच्या सुमारे १.४ पट धरले, तर गाडी सरळ रेषेत फक्त १२ किलोमीटर दूर जाते. साडेसोळा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ बारा किलोमीटरांच्या वर्तुळाच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्र व्यापते, म्हणजे कंपासाने काढलेल्या नकाशात निम्मी व्याप्ती कागदावरचीच असते. त्यामुळे रस्त्यांचे जाळे संगणकात भरून, प्रत्येक तुकड्याला त्याच्या दर्जानुसार वेग देऊन, थांब्यापासून प्रत्येक गावापर्यंतची कमीत कमी वेळेची वाट काढावी लागते. राष्ट्रीय महामार्गाला ताशी ६० किलोमीटर, राज्यमार्गाला ५०, जिल्हा मार्गाला ४० आणि गावच्या जोडरस्त्याला २५, असे वेग सुरुवातीला धरता येतात. हे वेग योग्य आहेत की नाही याची परीक्षा मात्र गाडीवर बसवलेल्या स्थाननिदर्शक यंत्राच्या नोंदींशी ताडूनच होते.

रस्त्यांच्या जाळ्यात या जिल्ह्याला खास असलेली एक चूक सहज शिरते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो. हा मार्ग प्रवेशनियंत्रित आहे, म्हणजे ठरावीक ठिकाणांशिवाय त्यावर चढता किंवा उतरता येत नाही आणि मधले गावरस्ते त्याच्या खालून किंवा वरून निघून जातात. नकाशाच्या माहितीत दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे चौक आहे असे जर संगणकाने मानले, तर खालच्या बोगद्यातून जाणारी रुग्णवाहिका क्षणात द्रुतगती मार्गावर चढते आणि दूरच्या गावात अशक्य वेगाने पोहोचते. ही चूक ओळखण्याची खूण अशी की व्याप्तीच्या नकाशावर महामार्गाच्या दोन्ही अंगांना एक लांबट जीभ बाहेर आलेली दिसते. अशी जीभ दिसली की छेदनबिंदू एकेक करून तपासावे लागतात.

आणखी एक खबरदारी सीमेची. वर्धा नदी जिल्ह्याची पश्चिम सीमा आहे आणि तिच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यातील तिवसा, मोर्शी, वरूड यांसारखी तालुक्याची ठिकाणे आहेत. आष्टी तालुक्यातील नदीकाठच्या एखाद्या गावाला पुलामुळे पलीकडची गाडी जवळची असू शकते, त्यामुळे विश्लेषण जिल्ह्याच्या हद्दीवर तोडले तर असे गाव विनाकारण उघडे दिसते आणि नवा थांबा त्याच्यासाठी नदीकडे ओढला जातो. रस्त्यांचे जाळे आणि शेजारचे थांबे हद्दीबाहेर निदान अर्ध्या तासाच्या प्रवासाइतके धरणे हाच त्यावर उपाय आहे.

हे सगळे पार पडल्यावर उमेदवार जागांची यादी करायची असते. रुग्णवाहिकेचा थांबा म्हणजे केवळ गाडी उभी करण्याची मोकळी जागा नव्हे. तेथे डॉक्टर आणि चालकाला रात्रभर बसता येईल अशी खोली, पाणी, शौचालय, वीज, प्राणवायूच्या नळकांड्या ठेवण्याची सोय आणि भरवशाचा मोबाइल संपर्क हवा, अन्यथा दोन मिनिटांत निघण्याचे गृहीतक टिकत नाही. म्हणून व्यवहारात ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस ठाणे किंवा महामार्गावरील मदतकेंद्र अशाच जागा विचारात घेतल्या जातात, आणि शेकडो संभाव्य बिंदूंची यादी एका तालुक्यात पाच-सात जागांवर येते.

येथपासून गणिताचा खरा प्रश्न सुरू होतो. मर्यादित थांबे असताना जास्तीत जास्त लोकसंख्या व्याप्तीत कशी आणावी याची मांडणी रिचर्ड चर्च आणि चार्ल्स रिव्हेल या अमेरिकी संशोधकांनी १९७४ साली केली आणि पुढच्या बहुतेक विश्लेषणांचा पाया तीच ठरली. तिचे सूत्र साधे आहे : प्रत्येक गावाला एक वजन द्यायचे, ते गाव कोणत्याही एका थांब्याच्या व्याप्तीत आले की ते वजन मिळवायचे, आणि ठरलेल्या संख्येइतके थांबे अशा प्रकारे निवडायचे की मिळवलेले वजन सर्वाधिक होईल. वजन काय घ्यावे हा मात्र गणिताचा नव्हे, धोरणाचा निर्णय आहे. प्रत्येक गावाला सारखे वजन दिले तर ५० घरांची वाडी आणि आठवडी बाजाराचे गाव सारखे ठरतात. लोकसंख्येचे वजन दिले तर वाड्या मागे पडतात. पूर्वी आलेल्या फोनच्या संख्येचे वजन दिले तर ज्या गावात गाडी येतच नाही म्हणून लोकांनी फोन करणेच सोडून दिले आहे आणि रुग्णाला भाड्याच्या जीपमध्ये घालून न्यायची सवय लावून घेतली आहे, त्या गावाची गरज शून्य दिसते. जुन्या फोनसंख्येवर आधारलेले वजन जुना अन्याय पुढे चालवते, म्हणून लोकसंख्येचे वजन घेऊन फोनचे आकडे केवळ पडताळणीसाठी वापरणे अधिक योग्य आहे.

आता तीन तालुक्यांचे उदाहरण. असे मानू या की आर्वी, आष्टी आणि कारंजा या तिन्ही तालुका ठिकाणी एकेक गाडी आहे आणि या भागात एकूण तीन लाख लोक राहतात. त्यांपैकी २,०४,००० लोक एकाच गाडीच्या व्याप्तीत, ६०,००० लोक दोन गाड्यांच्या व्याप्तीत आणि ३६,००० लोक व्याप्तीबाहेर आहेत. म्हणजे कागदावर २,६४,००० लोक, अर्थात १०० पैकी ८८, सुरक्षित आहेत. चौथ्या गाडीसाठी दोन जागा शर्यतीत आहेत. एक तळेगाव (श्यामजीपंत), नागपूर-अमरावती राष्ट्रीय महामार्गावरचे, जेथून आर्वीकडे, आष्टीकडे आणि कारंज्याकडे वाटा फुटतात. दुसरे आर्वी तालुक्यातील खरांगणा (मोरांगणा), डोंगरी पट्ट्याच्या बाजूचे.

चर्च आणि रिव्हेल यांच्या रीतीने पाहिले तर निकाल झटक्यात लागतो. तळेगाव तिन्ही जुन्या थांब्यांच्या मध्ये असल्याने त्याच्या २५ मिनिटांत येणारी जवळपास सगळी गावे आधीच कोणत्या ना कोणत्या गाडीच्या व्याप्तीत आहेत आणि नव्याने भर पडते ती केवळ ३,००० लोकांची. खरांगण्याहून मात्र आजवर बाहेर राहिलेले १६,००० लोक व्याप्तीत येतात. महामार्गावरच्या चौकात गाडी असावी अशी मागणी स्थानिक पातळीवर स्वाभाविकपणे होईल, कारण तेथील अपघात सगळ्यांना दिसतात. पण हा नकाशा पाहणारा कोणताही विश्लेषक ती मागणी बाजूला ठेवून खरांगण्याच्या बाजूने मत देईल.

या निष्कर्षात एक मोठे गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे फोन येईल तेव्हा गाडी थांब्यावरच असेल. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेला हे गृहीतक कितपत टिकते, हे एका फेरीचा हिशेब केला की कळते. थांब्यावरून गावात जायला २० मिनिटे, तेथे रुग्णाला स्थिर करून गाडीत घ्यायला १५ मिनिटे, सेवाग्राम किंवा सावंगीला पोहोचायला सुमारे एक तास, रुग्णालयात रुग्ण सोपवून कागदपत्रे पूर्ण करायला २० मिनिटे आणि थांब्यावर परतायला पुन्हा एक तास, असे धरले तर एका फेरीत गाडी तीन तासांजवळ थांब्याबाहेर असते. निम्मे रुग्ण जवळच्या रुग्णालयातच थांबतात आणि त्या फेऱ्या दीड तासात आटोपतात असे मानले, तर सरासरी सव्वादोन तास येते. दिवसाला तीन फेऱ्या झाल्या तर पावणेसात तास, आणि गाडीतील साफसफाई व इंधन धरून सात तासांच्या पुढे. म्हणजे दिवसाचा सुमारे ३० टक्के वेळ थांबा रिकामा असतो. या प्रमाणाला व्यस्ततेचे प्रमाण म्हणतात. मोठी रुग्णालये जिल्ह्याच्या मध्यभागी एकवटली असल्याने सेलूची किंवा देवळीची गाडी लवकर मोकळी होते आणि आष्टीची किंवा कारंज्याची होत नाही, त्यामुळे हे प्रमाण सर्व तालुक्यांत सारखे नसते. उत्तरेला ते जास्तच राहणार.

हे प्रमाण व्याप्तीच्या गणितात आणण्याची रीत मार्क डॅस्किन यांनी १९८३ साली मांडली. तिच्यानुसार एकाच गाडीच्या व्याप्तीतील गावाला पूर्ण वजन न देता गाडी मोकळी असण्याच्या संभाव्यतेइतकेच, म्हणजे येथे ७० टक्के, वजन द्यायचे. दोन गाड्यांच्या व्याप्तीतील गाव तेव्हाच उघडे पडते जेव्हा दोन्ही गाड्या बाहेर असतात, आणि त्याची संभाव्यता ३० टक्क्यांचे ३० टक्के, म्हणजे ९ टक्के असल्याने त्या गावाला ९१ टक्के वजन मिळते. या हिशेबाने सध्याची स्थिती पुन्हा मोजली तर एका गाडीच्या भरवशावरील २,०४,००० लोकांचे १,४२,८०० होतात, दोन गाड्यांच्या ६०,००० लोकांचे ५४,६०० होतात आणि एकूण अपेक्षित व्याप्ती १,९७,४०० वर येते. ८८ टक्क्यांची व्याप्ती ६६ टक्क्यांच्याही किंचित खाली आली. नकाशात काहीही बदललेले नाही, फक्त गाडी नसण्याचे तास मोजले गेले.

आता दोन्ही जागांची तुलना पुन्हा करू. खरांगण्याला नवी गाडी ठेवली तर नव्याने आत आलेल्या १६,००० लोकांचे ११,२०० आणि आधी एकाच गाडीच्या भरवशावर असलेल्या, आता दुसरी गाडी लाभलेल्या २०,००० लोकांमागे २१ टक्क्यांची सुधारणा, म्हणजे ४,२००. एकूण भर १५,४०० ची. तळेगावला ठेवली तर नव्या ३,००० लोकांचे २,१०० मिळतात. पण ते मध्यावर असल्याने एका गाडीच्या भरवशावरील ९०,००० लोकांना दुसरी गाडी मिळते आणि त्यातून १८,९०० ची भर पडते, तर आधीच दोन गाड्या असलेल्या ४०,००० लोकांना तिसरी मिळून आणखी सुमारे २,५०० मिळतात. एकूण भर २३,५०० च्या आसपास. जी जागा पहिल्या नकाशात जवळजवळ निरुपयोगी दिसत होती ती आता दीडपट उपयोगी ठरते, कारण आर्वी, आष्टी किंवा कारंज्याची गाडी रुग्ण घेऊन वर्ध्याच्या वाटेवर असताना त्या तालुक्याला सावरणारी तीच एक गाडी असते.

निकालाची ही उलथापालथ व्यस्ततेच्या कोणत्या प्रमाणावर घडते, हे काढता येते आणि या साऱ्या विश्लेषणातला सर्वांत उपयोगाचा आकडा तोच आहे. वरील आकड्यांत व्यस्तता १० टक्के धरली तर खरांगण्याची भर १६,२०० आणि तळेगावची ११,२०० च्या खाली, म्हणजे खरांगणा पुढे. ३० टक्क्यांना तळेगाव पुढे. दोन्ही समसमान होतात ती व्यस्तता सुमारे १७ टक्के, म्हणजे दिवसाचे साधारण चार तास. जुन्या तीन गाड्या दिवसाला सरासरी चार तासांहून कमी वेळ बाहेर असतील तर नव्या गाडीने डोंगरी पट्ट्यात जावे, अधिक वेळ बाहेर असतील तर चौकात उभे राहावे. प्रत्यक्ष आकडे घातल्यावर ही सीमा बदलेल, पण सीमा असतेच, आणि ती ओलांडली गेली आहे की नाही हे नकाशावरून कधीच कळत नाही. त्यासाठी गाडीच्या फेऱ्यांच्या नोंदवहीतील निघण्याची आणि परतण्याची वेळ पाहावी लागते.

या ठिकाणी तळेगावचा विजय मान्य करून थांबणे मात्र न्यायाचे होणार नाही. तळेगाव निवडले तर व्याप्तीबाहेरचे ३६,००० लोक ३३,००० वर येतात, खरांगणा निवडले तर २०,००० वर. ज्या गावाला गाडी शंभरपैकी सत्तर वेळा वेळेवर मिळते त्याला ती ९१ वेळा मिळू लागणे आणि ज्या गावाला ती एकदाही वेळेवर मिळत नाही त्याला ती सत्तर वेळा मिळू लागणे, या दोन सुधारणांची केवळ बेरीज करून तुलना करणे हा गणिताचा सोयीस्करपणा आहे, आणि डोंगरी पट्ट्यातील लोकांनी तो निमूटपणे का मान्य करावा याला समाधानकारक उत्तर नाही. शिवाय चार तासांची ती सीमा निसर्गाने ठरवलेली नाही. गाड्या इतका वेळ बाहेर राहण्याचे एक कारण असे की ज्यांना तातडीच्या गाडीची गरज नाही असे रुग्णालय-ते-रुग्णालय प्रवासही बहुधा याच गाड्यांवर येऊन पडतात. गरोदर माता आणि नवजात बालकांसाठी असलेल्या १०२ क्रमांकाच्या गाड्यांनी आणि ग्रामीण रुग्णालयांच्या स्वतःच्या वाहनांनी असे प्रवास उचलले, आणि मोठ्या रुग्णालयांत रुग्ण सोपवण्याला लागणारा वेळ कमी झाला, तर व्यस्तता सीमेच्या खाली येते आणि नवी गाडी खरांगण्याला ठेवणे गणितानेही समर्थनीय ठरते. हाच मार्ग अधिक योग्य वाटतो : आधी जुन्या गाड्यांचे तास मोकळे करावेत आणि मग नवी गाडी तेथे पाठवावी जेथे आज एकही गाडी वेळेत पोहोचत नाही.

या रीतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. गाड्या एकमेकींशी संबंध नसल्याप्रमाणे व्यस्त होतात, हे डॅस्किन यांच्या मांडणीतील गृहीतक प्रत्यक्षात पूर्ण खरे नसते, कारण एकाच पावसाळी रात्री, एकाच मोठ्या अपघातात किंवा सर्पदंशाच्या हंगामात सगळ्यांना एकदमच बोलावणे येते, आणि एक गाडी बाहेर गेली की तिचे काम शेजारच्या गाडीवर पडून तीही अधिक व्यस्त होते. त्यामुळे दोन गाड्यांच्या गावाला दिलेले ९१ टक्के वजन थोडे उदारच असते. तळेगावची गाडी महामार्गावर असल्याने अपघातांकडे अधिक खेचली जाईल आणि तिची स्वतःची व्यस्तता इतरांपेक्षा जास्त राहील, म्हणजे तिचा फायदा २३,५०० पेक्षा काहीसा कमीच धरला पाहिजे.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. जुलै २०२२ मध्ये जिल्ह्यात अतिवृष्टी झाली तेव्हा नाल्यांवरचे रपटे, म्हणजे पाणी वरून जाऊ शकेल असे ठेंगणे पूल, बुडाले आणि गावे तुटली. अशा काळासाठी दोन चाचण्या घ्याव्या लागतात. पहिलीत सगळे वेग १५ टक्क्यांनी कमी करून पाहायचे, ज्यात कोरड्या दिवसांत २१ मिनिटांहून थोड्या अधिक अंतरावर असलेले प्रत्येक गाव २५ मिनिटांच्या बाहेर पडते. दुसरीत बुडणारे रपटे जाळ्यातून एकेक काढून टाकायचे आणि कोणत्या एका रपट्यामागे किती लोक अडकतात हे पाहायचे. डोंगरी पट्ट्यातील थांब्याला पहिल्या चाचणीचा फटका महामार्गावरील थांब्यापेक्षा जास्त बसतो. पण दुसरी चाचणी कधी कधी असेही दाखवते की नवा थांबा नाल्याच्या अलीकडे ठेवण्याऐवजी पलीकडच्या आरोग्य केंद्रात ठेवला, तर पुराच्या दिवसांतही काही गावांना गाडी मिळते, मात्र त्या गाडीला रुग्ण घेऊन वर्ध्याकडे निघता येत नाही आणि तेव्हा गाडीतल्या डॉक्टरवर व साधनांवरच भिस्त उरते.

निर्णयानंतर सहा महिन्यांनी एक पडताळणी करता येते आणि ती टाळली जाऊ नये. नव्या थांब्यावरून झालेल्या प्रत्येक फेरीची अंदाजित आणि प्रत्यक्ष प्रवासवेळ शेजारी-शेजारी मांडायची. फरक दोन्ही बाजूंना विखुरलेला असेल तर वेग बरोबर धरले गेले होते. प्रत्यक्ष वेळ नेहमीच जास्त येत असेल तर कोणत्या दर्जाच्या रस्त्यावर ती वाढते हे शोधून तेवढाच वेग सुधारायचा आणि व्याप्ती पुन्हा काढायची. पाहायची ती सरासरी वेळ नव्हे, कारण जवळच्या गावांच्या दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या दूरच्या गावाचे पन्नास मिनिटांचे वास्तव सरासरीत झाकून टाकतात. शंभरातील नव्वद फेऱ्या किती मिनिटांच्या आत झाल्या हा आकडा, आणि तोही गावागणिक, पाहावा लागतो.

खरांगण्याला गाडी दिल्यावरही या उदाहरणातील २०,००० लोक व्याप्तीबाहेरच राहतात. त्यांच्यातील मोठा भाग चार-पाच वस्त्यांचे विखुरलेले झुबके असतो आणि पाचवी गाडी आणली तरी एका जागेवरून तीन-चार हजारांपेक्षा जास्त लोक हाती लागत नाहीत. या गावांची नावे विश्लेषणाच्या शेवटी वेगळ्या यादीत छापली गेली पाहिजेत आणि ती यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर असली पाहिजे, म्हणजे प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या स्त्रीला दोन-तीन दिवस आधीच ग्रामीण रुग्णालयाजवळ आणणे, गावातील एखाद्या वाहनधारकाशी रात्रीच्या फेरीचा दर ठरवून ठेवणे आणि आशा कार्यकर्तीच्या फोनमध्ये जवळच्या दोन्ही दिशांच्या थांब्यांचे क्रमांक असणे, ही कामे त्या प्रत्येक गावासाठी नावानिशी करता येतील.